दाढ काढताना भुलीचे इंजेक्शन आणि रक्तदाब : या चुका टाळा

इंदूरमध्ये माझ्या दवाखान्यात रक्तदाबाचे रुग्ण खुर्चीत बसताच बहुधा एकच विनंती करतात, 'डॉक्टरसाहेब, ते अ‍ॅड्रेनालिनवाले इंजेक्शन मला देऊ नका.' ही भीती मला समजते, कारण अ‍ॅड्रेनालिन रक्तदाब वाढवते हे खरेच आहे. मात्र या एका भीतीपायी रुग्ण ज्या इतर गोष्टी करतात, त्यांनी रक्तदाब इंजेक्शनापेक्षा कितीतरी अधिक चढलेला मी पाहिला आहे.

रामबागेतून आलेल्या चौसष्ट वर्षांच्या एका काकूंचे उदाहरण सांगतो. त्यांची खालची दाढ किडून मुळापर्यंत गेली होती आणि ती काढण्यावाचून दुसरा उपाय उरला नव्हता. अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या दोन गोळ्या त्या रोज सकाळी घेत असत. जिना चढून आल्या आल्या त्यांचा रक्तदाब भरला १८६/१०८. दहा मिनिटे पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसवल्यावर तो १७२/१०० झाला आणि पुढच्या खेपेस १६८/९८. पहिल्या एका आकड्यावरून निर्णय घेणे ही चूक आम्हा दंतवैद्यांकडूनही होते. चालून आलेल्या, नुकताच चहा घेतलेल्या किंवा तंबाखू खाल्लेल्या माणसाचा आकडा त्याचा नेहमीचा नसतो.

तरीही १६८ हा आकडा त्यांच्या नेहमीच्या मानाने जास्तच होता, म्हणून कारण विचारले. 'दाढ काढायची म्हणजे अनशापोटी यावे लागते ना? मग गोळीही घेतली नाही.' ही पहिली चूक. केवळ जबडा बधिर करून दाढ काढायची असेल, तर उपाशी राहण्याचे काही कारण नाही. सकाळी पोहे खाऊन, रोजची गोळी रोजच्या वेळी घेऊनच यावे. उपाशी माणसाला खुर्चीत चक्कर येते, आणि गोळी चुकवलेल्या माणसाचा रक्तदाब नेमका त्याच दिवशी चढलेला असतो.

दुसरी चूक त्यांच्या पर्समध्ये होती. दुखते म्हणून त्या चार दिवस औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी दिवसातून दोनदा घेत होत्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक ही वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा, विशेषतः टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांचा परिणाम कमी करतात. रुग्ण भितो इंजेक्शनातल्या अ‍ॅड्रेनालिनला, पण रक्तदाब चार दिवसांपासून चढवत असते ती दुखण्याची गोळी. मी त्यांना पॅरासिटामॉल दिले, रक्तदाबाची गोळी घ्यायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी करून बोलावले. १८०/११० च्या वर आकडा टिकून राहिला, तर तातडीचे नसलेले काम आम्ही पुढे ढकलतो. काकू त्या रेषेच्या खाली होत्या, परंतु एका दिवसाने सहज सुधारणारी गोष्ट असताना घाई करण्यात मला अर्थ वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी रक्तदाब १४६/८८ होता. तेव्हा त्यांनी अ‍ॅड्रेनालिनवाले इंजेक्शन न देण्याची तीच विनंती केली. पूर्वी एकदा त्यांनी आग्रहाने साधे, अ‍ॅड्रेनालिन नसलेले इंजेक्शन घेतले होते आणि अर्ध्या कामात दाढ दुखू लागली होती. त्याचे कारण सरळ आहे. बधिर करणारे औषध लिग्नोकेन स्वतः रक्तवाहिन्या रुंद करते, त्यामुळे ते रक्ताबरोबर लवकर वाहून जाते आणि दात जेमतेम पाच-दहा मिनिटे पूर्ण बधिर राहतो. अ‍ॅड्रेनालिन त्या जागच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, औषध तिथेच टिकते आणि दात सुमारे तासभर बधिर राहतो. भूल अपुरी पडून वेदना झाली, की शरीर स्वतःचे अ‍ॅड्रेनालिन ओतू लागते, आणि त्याला कोणी मोजून थांबवू शकत नाही. इंजेक्शनातले मात्र मोजता येते.

ते मोजून पाहू. आपल्याकडे दातांसाठी नेहमी वापरले जाणारे लिग्नोकेन २ टक्के असते आणि त्यात अ‍ॅड्रेनालिन १:८०,००० या प्रमाणात असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १२.५ मायक्रोग्रॅम. हृदयविकाराच्या किंवा अनियंत्रित रक्तदाबाच्या रुग्णासाठी एका बैठकीत ४० मायक्रोग्रॅम ही सर्वमान्य मर्यादा धरतात, म्हणजे तीन मिलिलिटरच्या किंचित वर. काकूंच्या खालच्या दाढेसाठी दोन मिलिलिटर पुरले, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम. सुई आत गेल्यावर मी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहिले आणि प्रत्येक मिलिलिटरला एक मिनिट लावले. खालच्या जबड्याच्या या जागी रक्तवाहिनी अगदी जवळ असते. ही काळजी न घेता औषध थेट रक्तात गेले, तर छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो. काही मिनिटांत ते ओसरते, पण रुग्ण आयुष्यभर 'मला या इंजेक्शनाची अ‍ॅलर्जी आहे' असे सांगत राहतो. पाच मिनिटांनी काकूंचा रक्तदाब १५०/८८ होता आणि दाढ दुखल्याविना निघाली.

एक चूक मात्र खरोखर धोक्याची आहे, ती म्हणजे 'बीपीच्या गोळीखेरीज मी काही घेत नाही' हे उत्तर. हात थरथरणे, अर्धशिशी, थायरॉईड किंवा घबराट यांसाठी अनेकांना प्रोप्रॅनोलॉल दिलेले असते आणि ती गोळी त्यांच्या हिशेबी बीपीची नसते. प्रोप्रॅनोलॉल रक्तवाहिन्या रुंद करणारा मार्ग बंद करते, त्यामुळे अ‍ॅड्रेनालिनचा केवळ आकुंचन करणारा परिणाम उरतो. काही मिनिटांत रक्तदाब झपाट्याने चढतो आणि नाडी उलट मंदावते. याच गटातल्या मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका बराच कमी असतो. प्रोप्रॅनोलॉल घेत असल्याचे कळले तर आम्ही आधी एक मिलिलिटरहून कमी औषध देतो, पाच मिनिटांनी रक्तदाब आणि नाडी पाहतो, आणि मगच पुढे जातो. ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नये, कारण एकाएकी थांबवल्यास हृदयावर ताण येतो. नावे आठवत नसतील तर सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणाव्यात.

काम झाल्यावर खुर्चीतून झटकन उठणे टाळावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यास बराच वेळ आडवे राहिल्यानंतर एकदम उभे राहिल्यास अंधारी येते, म्हणून दोन मिनिटे बसून मग उभे राहावे. दाढेच्या जागी ठेवलेला कापसाचा बोळा निदान अर्धा तास घट्ट चावून धरावा. अ‍ॅड्रेनालिनचा असर एक-दोन तासांनी उतरला की आकुंचित झालेल्या रक्तवाहिन्या पुन्हा रुंद होतात आणि चढलेल्या रक्तदाबात तिथून पुन्हा रक्त येऊ शकते. तसे झाल्यास गुळण्या करू नयेत, त्याने गुठळी निघून जाते. नवा बोळा चावून धरावा, रक्तदाब मोजावा आणि अर्ध्या तासात रक्त थांबले नाही तर दवाखान्यात फोन करावा. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हात लुळा पडणे यांपैकी काही दिसले, तर दंतवैद्याची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.