कोल्हापूरची वेळ कॅलिफोर्नियात मांडताना आधी तारीख बघा

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीकडून मीटिंगांची यादी येते आणि इथं नवीन आलेली आपली पोरं सरसकट साडेबारा तास वजा करतात. इथली जुनी मंडळीच त्यांना तसं शिकवतात, याचा मला राग येतो. ते गणित फक्त उन्हाळी वेळेला लागू आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साडेतेरा तास वजा करायचे, कारण इथं घड्याळ तासभर मागं घेतात आणि भारतात ते हलत नाही. 2026 मध्ये हा बदल रविवारी 1 नोव्हेंबरला पहाटे दोन वाजता आहे.

त्या एका तासानं कधीकधी तारीखच बदलते. सोमवारी दुपारी 1 ची मीटिंग घ्या. 26 ऑक्टोबरला ती इथंही सोमवारीच येते, मध्यरात्र उलटल्यावर 12:30 ला. पुढच्या सोमवारी, 2 नोव्हेंबरला, तीच मीटिंग इथं रविवारी 1 नोव्हेंबरला रात्री 11:30 ला येते. कोल्हापुरात काहीच बदललेलं नसतं, त्यामुळं तिकडून कुणी कळवत नाही. नेहमीप्रमाणे साडेबाराला जोडलात तर तिकडं दोन वाजलेले असतात आणि माणसं उठून गेलेली असतात. दरवर्षी कुणीतरी नवा यातच अडकतो.

म्हणून वजाबाकीच्या आधी यादीवर एक रेघ मारा: उन्हाळी वेळेत दुपारी 12:30 वर, हिवाळ्यात 1:30 वर. रेघेच्या आधीची प्रत्येक मीटिंग इथं आदल्या तारखेला जाते. सकाळी 9:30 ची सोमवारची मीटिंग म्हणजे इथं रविवारी रात्री 9, हिवाळ्यात 8. रेघेनंतरच्या मीटिंगांची तारीख तीच राहते. संध्याकाळी 6:30 म्हणजे त्याच दिवशी पहाटे 6 किंवा 5.

‘सोमवारी रात्री साडेबारा’ असं यादीत दिसलं तर पुढं जाऊ नका, आधी फोन करा. आपल्याकडं बहुतेकांना त्यातून मंगळवारचे 00:30 म्हणायचे असतात. उन्हाळी वेळेत ते इथले सोमवार दुपारचे 12 होतात. शब्दशः सोमवार धरलात तर पूर्ण दिवस चुकतो.

यादी मोठी असेल तर एक्सेलमध्ये तारीख आणि वेळ एकाच खान्यात ठेवा. मग तारीख आपोआप मागं सरकते:

```
=A2-TIME(12,30,0)
=A2-TIME(13,30,0)
```

पहिलं सूत्र उन्हाळी वेळेचं, दुसरं हिवाळ्याचं. खान्यात नुसती वेळ असेल आणि उत्तर शून्याखाली गेलं, तर #### दिसतं.

अमेरिकन सेटिंगचा संगणक महिना आधी वाचतो, हेही ध्यानात ठेवा. 26-10-2026 ला तो अडतो, कारण सव्विसावा महिना नसतो, आणि #VALUE! दाखवतो. 02-11-2026 मात्र 11 फेब्रुवारी समजून तो गुपचूप उत्तर देतो. तारीख 2026-11-02 अशी लिहा.