परदेशी समर इंटर्नशिप करूनही पीएचडीचा अर्ज कमी पडतो? या चुका टाळा

तिसऱ्या वर्षानंतर परदेशातल्या लॅबमध्ये दहा-बारा आठवडे काम केलेल्या अनेकांच्या पीएचडी अर्जात त्याच लॅबचं शिफारसपत्र जेमतेम चार ओळींचं असतं. ‘वक्तशीर, मेहनती, सगळ्यांशी मिळून-मिसळून वागणारी.’ अमेरिकेतल्या प्रवेश समितीला अशा पत्रातून काहीच कळत नाही. त्यांना हवं असतं ते एवढंच: प्रयोग फसला तेव्हा या मुलीनं काय केलं? हे सांगणारं पत्र मिळवणं हाच या उन्हाळ्याचा खरा उद्देश आहे. सर्टिफिकेट त्याच्या खूप नंतर येतं.

पहिली चूक उन्हाळा निवडण्यातच होते. अमेरिकेतल्या बहुतेक पीएचडी अर्जांची मुदत १ ते १५ डिसेंबरच्या आसपास संपते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षानंतर गेलात, तर ते पत्र त्या वर्षीच्या अर्जाला उपयोगी पडत नाही, एक वर्ष थांबावं लागतं. म्हणून तिसऱ्या वर्षानंतरचाच उन्हाळा धरा आणि तयारी आदल्या ऑगस्टपासून करा. कॅनडाच्या मायटॅक्स ग्लोबलिंकचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये बंद होत आले आहेत. जर्मनीच्या डाड वाइज या शिष्यवृत्तीला अर्जासोबतच तिथल्या प्राध्यापकांचं निमंत्रणपत्र लागतं, म्हणजे मेल त्याआधीच गेलेली हवी. तारखा आणि योजना बदलत राहतात, त्यामुळे चालू वर्षाची सूचनाच वाचा. जर्मनीत पीएचडीसाठी सहसा मास्टर्स लागते, हेही आधीच लक्षात घ्या.

दुसरी चूक पात्रतेची. पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात संशोधनाचा अनुभव देणाऱ्या, अमेरिकेतल्या ‘आरईयू’ कार्यक्रमांचे फॉर्म भरण्यात आपली मुलं आठवडे घालवतात. एनएसएफ या तिथल्या सरकारी विज्ञानसंस्थेच्या पैशातून चालणाऱ्या या जागा अमेरिकी नागरिक आणि तिथले कायमचे रहिवासी यांच्यासाठी असतात. तो वेळ जपानमधल्या ओआयएसटी या संशोधन विद्यापीठासारख्या, सर्व देशांतल्या विद्यार्थ्यांना खुल्या असलेल्या इंटर्नशिपला द्या.

आता मेल. ‘आदरणीय सर, तुमच्या संशोधनानं मी प्रभावित झालो’ ही मेल शंभर जणांना गेलेली आहे, हे समोरच्याला पहिल्या ओळीतच कळतं. त्याऐवजी असं समजा, की पुण्यातल्या एका विद्यार्थिनीनं कॉलेज प्रोजेक्टमध्ये लिथियम-आयन सेल ४५ अंश तापमानाला वारंवार चार्ज करून पाहिला आहे. तिनं लिहावं: ‘तुमच्या पेपरमधल्या आलेखात क्षमता सुरुवातीला झपाट्यानं घटते आणि मग वेग मंदावतो. माझ्या सेलमध्ये ती शेवटपर्यंत सारखीच घटत गेली. चार्जिंगचा दर वेगळा होता म्हणून असेल का? माझा आलेख सोबत जोडला आहे. मे ते जुलै तुमच्या लॅबमध्ये यावर काम करायला मिळेल का?’ बस, एवढंच. सोबत एका पानाचा सीव्ही. दहा दिवसांत उत्तर आलं नाही, तर एकदाच आठवण करा.

लॅबमध्ये पोचल्यावरची चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती होताना कळत नाही. रोज काम बघतात ते पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झालेले संशोधक, किंवा पीएचडीचे विद्यार्थी. प्राध्यापक आठवड्यातून एखादी मीटिंग घेतात, आणि आपण ‘सगळं ठीक चाललंय’ म्हणून गप्प बसतो. तीन महिन्यांनी त्यांच्याकडे लिहायला काही उरत नाही. म्हणून दर आठवड्याला अर्ध्या पानाचं टिपण पाठवा: काय केलं, काय फसलं, मला काय वाटतं, पुढे काय करणार. ‘काय फसलं’ ही ओळ कधीही गाळू नका, पत्रातला मजकूर तिथूनच येतो. आपली विद्यार्थिनी लिहील: ‘दोन सेलचे आकडे जुळले नाहीत. वायरचे सांधे तपासले, एक सैल होता. तो नीट केल्यावर आकडे जुळले, म्हणून आधीच्या तीन दिवसांचा डेटा मी वगळला आहे.’ कारण शोधलं आणि डेटा प्रामाणिकपणे टाकून दिला, या दोन्ही गोष्टी प्राध्यापक नावानिशी लिहू शकतात.

निघण्यापूर्वी लॅबसमोर पंधरा मिनिटांचं सादरीकरण द्या आणि त्याच आठवड्यात प्राध्यापकांना समोरासमोर विचारा, ‘पीएचडीसाठी मला भक्कम शिफारस देता येईल का?’ उत्तर घुटमळत आलं, तर तेही उपयोगाचं आहे. दुसरं नाव शोधायला वेळ मिळतो. सही प्राध्यापकांची आणि तपशील पोस्टडॉकचे, असं पत्र चालतं, तसं सुचवायला संकोचू नका. पोस्टडॉकचं एकट्याचं पत्र मात्र तुलनेनं हलकं पडतं.

ऑक्टोबरमध्ये प्राध्यापकांना विद्यापीठांची यादी, मुदती, तुमचं निवेदन आणि त्या साप्ताहिक टिपणांतल्या निवडक तीन पाठवा. फॉर्ममध्ये पत्र वाचण्याचा हक्क सोडण्याचा चौकोन असतो, त्यावर खूण करून तो हक्क सोडा; नाहीतर समिती त्या पत्रावर कमी विश्वास ठेवते. मुदतीच्या दोन आठवडे आधी पोर्टलवर पत्र दिसलं नाही, तर प्राध्यापकांना आणि पोस्टडॉकला एकत्र मेल करा. आणि कॉलेजच्या प्रोजेक्ट गाइडना जादाचं पत्र आधीच सांगून ठेवा.