फ्रीजचा कॉम्प्रेसर वॉरंटीत दोनदा गेला? फ्रीज बदलून मागणारे पत्र असे लिहा

दुसऱ्यांदा कॉम्प्रेसर गेला की सर्व्हिस सेंटरचे उत्तर ठरलेले असते: "वॉरंटीत आहे ना, मग नवा बसवून देतो." हे नाकारायचे कसे, हेच बऱ्याच ग्राहकांना सुचत नाही. वॉरंटी कार्डावर बहुधा "दुरुस्ती किंवा सुटा भाग बदलून देणे" एवढेच छापलेले असते. दोनदा बिघाड झाला की अख्खा फ्रीज बदलून मिळतो, असा आपोआप लागू होणारा नियम नाही. म्हणून "दोनदा बिघडला, बदलून द्या" एवढ्या पत्राने काम होत नाही. नवा कॉम्प्रेसरही टिकला नाही, म्हणजे दोष फ्रीजमध्येच आहे किंवा पहिल्या दुरुस्तीत राहिला आहे, हे पत्रातून दिसले पाहिजे.

यामागचे कारण समजून घेतले तर पत्र नेमके लिहिता येते. कॉम्प्रेसरची वाइंडिंग जळते तेव्हा आतले तेल आम्लयुक्त होते आणि त्याची घाण नळ्यांमध्ये उतरते. मेकॅनिकने नळ्या साफ केल्या नाहीत, ड्रायर फिल्टर बदलला नाही किंवा गॅस भरण्याआधी पुरेसा व्हॅक्यूम केला नाही, तर ती घाण आणि ओल नव्या कॉम्प्रेसरलाही खाते. दुसरे कारण म्हणजे बारीक गळती. परत येणारा थंड गॅसच कॉम्प्रेसरला थंड ठेवतो. गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो, तापतो आणि शेवटी बसतो. ही गळती शोधल्याशिवाय कितीही कॉम्प्रेसर बसवले तरी तेच होणार.

आता कागद. बिल, वॉरंटी कार्ड आणि दोन्ही वेळच्या जॉब शीट लागतात. त्यातही पहिली जॉब शीट नीट वाचा. "कॉम्प्रेसर बदलला, गॅस भरला" एवढेच लिहिले असेल आणि ड्रायर किंवा गळती तपासणीचा उल्लेख नसेल, तर तोच तुमचा सर्वांत मोठा मुद्दा. आणि शीटवर "गॅस लीक" लिहिलेले असताना पत्रात "कॉम्प्रेसर जळाला" लिहू नका. पत्र आणि जॉब शीट यांत फरक पडला की समोरचा तिथेच पकडतो. फ्रीजचा अनुक्रमांक आतल्या स्टिकरवर असतो. कॉम्प्रेसरवर त्याचे वेगळे लेबल असते. मागचे झाकण स्वतः उघडू नका, "छेडछाड केली" म्हणायला निमित्त मिळते. मेकॅनिक उघडेल तेव्हाच लेबलचा फोटो काढा.

मराठवाड्यात एक आक्षेप हमखास येतो: "तुमच्याकडे व्होल्टेजच पडतं, कंपनी काय करणार?" रब्बीत पंप सुरू झाले, उन्हाळ्यात कूलर लागले की हे वाक्य ऐकायला मिळतेच. त्याला उत्तर पत्रातच देऊन ठेवा. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून फ्रीजच्याच सॉकेटवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. माहितीपुस्तिकेत फ्रीज किती ते किती व्होल्टवर चालतो ते दिलेले असते, त्याच्याशी ताडून पाहा. स्टॅबिलायझर असेल तर त्याचे बिल जोडा. मात्र आकडे खरेच मर्यादेखाली येत असतील तर ते लपवून उपयोग नाही. तिथे दावा कमजोर आहे, आधी स्टॅबिलायझर बसवावा.

खालचा नमुना लातूरच्या एका घरगुती ग्राहकाचा धरला आहे. दोन्ही बिघाड खरेदीपासून वर्षाच्या आत आहेत. पहिल्या वर्षानंतर बहुधा फक्त कॉम्प्रेसरची वॉरंटी उरते, गॅस आणि मजुरीचे पैसे लागतात आणि बदलीची मागणीही अवघड होते.

प्रति,
व्यवस्थापक, अधिकृत सर्व्हिस सेंटर, लातूर
प्रत: कंपनीचा ग्राहक तक्रार विभाग, विक्रेता

दिनांक: ९ डिसेंबर २०२५

विषय: वॉरंटी काळात कॉम्प्रेसर दोनदा निकामी झाल्याने फ्रीज बदलून मिळणेबाबत.

महोदय,

मी दि. १५ मार्च २०२५ रोजी वरील विक्रेत्याकडून फ्रीज घेतला (बिल क्र. ……, मॉडेल ……, अनुक्रमांक ……). वापर केवळ घरगुती आहे.

दि. ८ जुलै रोजी फ्रीज थंड करेनासा झाला. दि. १४ जुलै रोजी आपण कॉम्प्रेसर बदलला (जॉब शीट क्र. ……). त्या शीटवर ड्रायर फिल्टर बदलल्याची किंवा गळती तपासल्याची नोंद नाही. बदललेला कॉम्प्रेसर १४२ दिवसांत, दि. ३ डिसेंबर रोजी निकामी झाला. आपल्या तंत्रज्ञाने तशी नोंद केली आहे (जॉब शीट क्र. ……).

सॉकेटवरील व्होल्टेज पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत आहे. मोजमापाची नोंद व स्टॅबिलायझरचे बिल जोडले आहे. आपल्याशिवाय कोणीही फ्रीज उघडलेला नाही.

नवा कॉम्प्रेसरही टिकला नाही, यावरून दोष फ्रीजच्या यंत्रणेत किंवा पहिल्या दुरुस्तीत आहे. म्हणून मागणी:
१) याच मॉडेलचा किंवा समकक्ष नवा फ्रीज नव्या वॉरंटीसह द्यावा. ते शक्य नसल्यास बिलाची पूर्ण रक्कम परत करावी.
२) दोन्ही बिघाडांचे कारण लेखी कळवावे.

दरम्यान दुरुस्ती करून घ्यावी लागली, तरी मी ही मागणी सोडली असे समजू नये. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

आपला/आपली,
(सही, नाव, पत्ता, मोबाइल)
सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, दोन जॉब शीट, व्होल्टेज नोंद, स्टॅबिलायझरचे बिल, फोटो यांच्या प्रती

पत्राची प्रत कंपनीला पाठवण्याचे कारण साधे आहे. फ्रीज बदलून देण्याचा निर्णय बहुधा सर्व्हिस सेंटरच्या हातात नसतो, ते फक्त शिफारस करते. सेंटरला पत्र हातोहात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का द्यायला काचकूच केली तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. मूळ कागद मात्र कोणालाही देऊ नका.

उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटले नाही तर जिल्हा आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

या काळात सेंटरकडून "तक्रार बंद करायला ओटीपी सांगा" असा फोन येऊ शकतो. मागणी मान्य झाल्याचे लेखी येईपर्यंत ओटीपी देऊ नका. तो दिला की त्यांच्या नोंदीत तुमची तक्रार "निकाली" होते. वापराचे पैसे कापून बदली फ्रीज देण्याचा प्रस्ताव आला, तर किती कापणार आणि कशाच्या आधारे, हे आधी लेखी मागा. सही त्यानंतर.