व्हीएआर काढताना स्क्यूनेस आणि कर्टोसिस कसे धरावेत

उद्या किती नुकसान होऊ शकते, याचे एका आकड्यातले उत्तर म्हणजे व्हॅल्यू ॲट रिस्क, अर्थात व्हीएआर. 99 टक्के पातळीचा व्हीएआर 25,000 रुपये असेल, तर शंभरातल्या साधारण एका दिवशी तोटा त्याच्याही पुढे जाईल असा त्याचा अर्थ. नेहमीच्या सूत्रात परतावे नॉर्मल वितरणाचे धरतात. शेअर बाजाराचे रोजचे परतावे तसे वागत नाहीत. डाव्या बाजूची शेपटी लांब असते, म्हणजे स्क्यूनेस ऋण येतो. आणि टोकाचे दिवस अपेक्षेपेक्षा जास्त येतात, म्हणजे कर्टोसिस 3 च्या वर जातो. हे 3 वजा केल्यावर उरते ते जादा कर्टोसिस. दोन्हींची दुरुस्ती एकाच सूत्रात करता येते. त्याला कॉर्निश-फिशर विस्तार म्हणतात.

आधी किमान 1000 दिवसांचे रोजचे परतावे घ्या. 250 दिवसांवरून सरासरी आणि प्रमाण विचलन कामापुरते मिळते, पण कर्टोसिस फार डळमळीत येतो. बंद भाव बोनस आणि स्प्लिटसाठी समायोजित केलेलेच हवेत. 1:1 बोनसनंतर भाव निम्मा होतो. तो तसाच राहिला तर एका दिवसात 50 टक्के पडझड झाल्याची खोटी नोंद होते आणि पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

परतावे A2 ते A1001 मध्ये असतील तर एक्सेलमध्ये एवढे लिहा:

```
B1: =AVERAGE(A2:A1001)
B2: =STDEV.S(A2:A1001)
B3: =SKEW(A2:A1001)
B4: =KURT(A2:A1001)
B5: =NORM.S.INV(0.01)
B6: =B5+(B5^2-1)*B3/6+(B5^3-3*B5)*B4/24-(2*B5^3-5*B5)*B3^2/36
B7: =-(B1+B6*B2)
```

`KURT` जादा कर्टोसिसच देते, त्यातून पुन्हा 3 वजा करू नका. सर्वाधिक चुका इथेच होतात, आणि उत्तर दिसायला ठीक वाटते म्हणून त्या लक्षातही येत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. गुंतवणूक 10 लाख, रोजची सरासरी 0.05 टक्के, प्रमाण विचलन 1.1 टक्के, स्क्यूनेस −0.6, जादा कर्टोसिस 3. नॉर्मलचा z, म्हणजे B5, −2.326 आहे. त्यात स्क्यूनेसमुळे −0.441 आणि कर्टोसिसमुळे −0.701 मिळतात, शेवटचे पद +0.135 परत देते. नवा z, म्हणजे B6, −3.333. B7 ला गुंतवणुकीने गुणले की रुपयांतला आकडा मिळतो. व्हीएआर सुमारे 25,100 रुपयांवरून 36,200 रुपयांवर जातो.

हेच 95 टक्के पातळीवर करून पाहा: सुमारे 17,600 चे फक्त 18,700 होतात. इथे कर्टोसिसचे पद उलट व्हीएआर कमी करते, कारण z³−3z चे चिन्ह z = −1.732 पाशी, म्हणजे 95.8 टक्क्यांच्या आसपास, बदलते. जाड शेपटीच्या वितरणात टोकाचे दिवस वाढतात, तसे अगदी शांत दिवसही वाढतात. मधल्या पट्ट्यातले घटतात. त्यामुळे 95 टक्क्यांवर फरक दिसला नाही म्हणून दुरुस्ती निरुपयोगी ठरवू नका. ती 99 वर तपासा.

मात्र या सूत्राला मर्यादा आहे. स्क्यूनेस S आणि जादा कर्टोसिस K धरून पुढची किंमत काढा:

```
S^2/9 - 4*(K/8 - S^2/6)*(1 - K/8 + 5*S^2/36)
```

ती शून्य किंवा ऋण हवी. आपल्या उदाहरणात −0.81 येते, म्हणजे ठीक. धन आली तर सूत्राची रेषा मध्येच मागे वळते: काही पट्ट्यांत पातळी वाढवली की व्हीएआर घटतो. स्क्यूनेस शून्य असला तर K 8 च्या पुढे गेल्यावरच हे होते.

आणि 8 ओलांडायला एक दिवस पुरतो. 23 मार्च 2020 रोजी निफ्टी सुमारे 13 टक्के पडला. 1.1 टक्के विचलनाच्या 249 नॉर्मल दिवसांत असा एकच दिवस मिसळला, तर जादा कर्टोसिस शून्यावरून 30 च्या घरात जातो. 1000 दिवसांतही तो 14 च्या आसपास राहतो. अशा वेळी तो दिवस गुपचूप काढून टाकणे ही सर्वांत वाईट वाट, कारण ज्या तोट्यासाठी हा खटाटोप, तोच त्यातून नाहीसा होतो. सूत्र बाजूला ठेवा आणि परतावे चढत्या क्रमाने लावून 1 टक्क्यावरचा परतावा थेट वाचा. 1000 दिवसांत तो खालून दहावा असतो.

शेवटी पडताळणी. हिशेबात न घेतलेल्या 250 दिवसांत तोटा व्हीएआरच्या पुढे किती वेळा गेला ते मोजा. 99 टक्क्यांसाठी अपेक्षा अडीचची आहे. बँकांसाठीच्या बासल नियमांत 4 पर्यंत हिरवा पट्टा, 5 ते 9 पिवळा, 10 पासून लाल. एकदाही ओलांडला नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. अचूक व्हीएआरच्या बाबतीतही 250 दिवसांत असे घडण्याची शक्यता सुमारे 8 टक्के असते.