जर्मन केटलीची पुस्तिका मराठीत आणताना

फोंड्याला आमच्या शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलाने जर्मनीहून विजेची केटली पाठवली. सोबतची पुस्तिका जर्मनमध्ये होती. ती मी त्यांना मराठीत करून दिली, तेव्हा ज्या क्रमाने काम केलं तो असा.

आधी पूर्ण पुस्तिका चाळा आणि इशाऱ्यांच्या वर ठळक छापलेले शब्द वेगळे काढा. ‘गेफार’ म्हणजे धोका टाळला नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. ‘वार्नुंग’ म्हणजे तशी इजा होऊ शकते. ‘फोरझिख्ट’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. ‘फोरझिख्ट’साठी पटकन ‘सावधान’ सुचतं, पण मराठी कानाला तोच शब्द सगळ्यांत जोरकस वाटतो आणि पायऱ्या उलट्या होतात. मी अनुक्रमे ‘धोका’, ‘इशारा’ आणि ‘काळजी घ्या’ असे शब्द ठरवले आणि शेवटपर्यंत बदलले नाहीत.

मग आज्ञा घ्या. ‘फोर डेम राइनिगेन डेन नेट्सश्टेकर त्सीएन’ याचं शब्दशः मराठी ‘साफ करण्यापूर्वी प्लग ओढणे’ असं होतं. जर्मनमध्ये आज्ञेसाठी क्रियापदाचं मूळ रूप चालतं, आपल्याकडे ‘ओढणे’ म्हटलं की कामांची यादी वाटते आणि ‘काढावा’ म्हटलं की सल्ला. इथे ‘काढा’च हवं. शिवाय ‘ओढा’ वाचून कुणी वायरच ओढेल. म्हणून: ‘केटली साफ करण्यापूर्वी प्लग हातात धरून सॉकेटमधून काढा.’

काही इशारे क्रियापदाने सुरू होतात: ‘विर्ड डेर वासरकोखर युबरफ्युल्ट, कान कोखेन्डेस वासर हेराउसश्प्रित्सेन.’ हा प्रश्न नव्हे. इथे ‘जर’ गाळलेला आहे. ‘केटली गरजेपेक्षा जास्त भरल्यास उकळतं पाणी बाहेर उडू शकतं.’ कारण आधी, परिणाम नंतर, हा क्रम मराठीतही तसाच ठेवा.

सगळ्यांत जास्त वेळ एका साध्या वाक्यावर गेला: केटली फक्त ‘शुट्सकोन्टाक्ट’ सॉकेटलाच जोडा. याचं मराठी ‘अर्थिंग असलेलं सॉकेट’ असं बरोबरच आहे, पण आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही. त्या प्लगचं अर्थिंग बाजूच्या धातूच्या पट्ट्यांतून होतं, आपल्या सॉकेटमध्ये मात्र ते वरच्या मोठ्या भोकात असतं. पिना कशाबशा आत गेल्या तरी पट्ट्यांना काही टेकत नाही, आणि पाणी तापतं तरी केटली अर्थिंगविना राहते. म्हणून ‘अनुवादकाची टीप’ असं स्पष्ट लिहून, पट्ट्यांना अर्थिंग जोडणारा अडॅप्टर वापरा, असं सांगितलं. मूळ वाक्यात मात्र हे मिसळलं नाही.

शेवटी कागद काकूंच्या हाती दिला आणि केटली समोर ठेवली. वाचता वाचता त्या ‘गरजेपेक्षा जास्त’ इथे थांबल्या: ‘गरज कुणाची?’ केटलीच्या आतल्या बाजूला ‘MAX’ अशी रेघ होती. वाक्य बदललं: ‘केटली आतल्या MAX रेघेच्या वर भरल्यास उकळतं पाणी बाहेर उडू शकतं.’