टेबल न खोलता सिलिंडरवरचा जोर काढायचाय? आभासी कार्य वापरताना या चुका टाळा

रबाळे, महापे, वागळे इस्टेट, कुठल्याही शॉपमध्ये सिझर लिफ्ट टेबल असतंच, आणि त्याची तक्रारही ठरलेली असते: "रिकामं वर जातं, माल ठेवला की खालून हलतच नाही." लगेच सिलिंडर उतरवून सील बदलायची घाई होते. पण त्याआधी सिलिंडरवर मुळात किती जोर यायला हवा हे काढून बघावं. त्यासाठी पिन काढायची नाही, की प्रत्येक आर्मचा वेगळा फ्री बॉडी डायग्राम काढून सहा-सात समीकरणं सोडवायची नाहीत. आभासी कार्याच्या, म्हणजे व्हर्च्युअल वर्कच्या, एका ओळीत उत्तर मिळतं: टेबल अगदी किंचित हललं असं मानायचं आणि सिलिंडरने केलेलं काम वजन उचलायच्या कामाइतकं धरायचं. चुका होतात त्या ती ओळ लिहिण्याआधी.

उदाहरणासाठी एक टेबल घेऊ. आर्म १.५ मीटर लांब, मध्यावर पिनने जोडलेले. डावीकडे खाली 'अ' ही फ्रेमला बसवलेली पिन, उजवीकडे खाली 'ब' हे चॅनेलमध्ये फिरणारं चाक. वर डावीकडे 'ड' ही प्लॅटफॉर्मची पिन, उजवीकडे 'क' हे वरचं चाक. एक आर्म अ ते क, दुसरा ब ते ड. दोन्ही बाजूंना अशी एकेक जोडी आहे, पण हिशोब दोन्ही मिळून करू. सिलिंडर एकच, ८० मिमी बोअरचा, एका बाजूने काम करणारा. त्याचं खालचं टोक अ पासून ०.४ मीटरवर फ्रेमला, वरचं टोक अक आर्मवर अ पासून ०.९ मीटरवर. माल १००० किलो, प्लॅटफॉर्म १२० किलो, चारही आर्म मिळून १६० किलो. आर्म जमिनीशी ३० अंशात उभे आहेत.

पहिली चूक: सिलिंडरच्या टोकाचं सरकणं मोजणं

सिलिंडरच्या जोराचं काम म्हणजे जोर गुणिले सिलिंडरच्या लांबीतला बदल. बरेच जण वरच्या पिनचं उभं सरकणं घेतात, कारण ते नजरेला दिसतं. पण सिलिंडर तिरका आहे, त्यामुळे पिन जितकी वर जाते तितका रॉड बाहेर येत नाही. ज्या टेबलांत सिलिंडरची दोन्ही टोकं आर्मना जोडलेली असतात, तिथे ही चूक आणखी महागात पडते, कारण दोन्ही टोकं हलतात. लांबीच धरली की दोन्ही टोकांचा हिशोब आपोआप होतो.

```
F × δs = W × δh
s² = a² + d² − 2·a·d·cosθ
h  = L·sinθ
```

इथे δ म्हणजे किंचित बदल, F सिलिंडरचा जोर, W उचलायचं वजन, θ आर्मचा जमिनीशी कोन, s ही सिलिंडरची पिन ते पिन लांबी, h ही टेबलाची उंची, L आर्मची लांबी, a आणि d म्हणजे वरचे ०.४ आणि ०.९. दोन्ही सूत्रांचं θ नुसार अवकलन केलं की δh भागिले δs हे गुणोत्तर ३० अंशांना ४.२५ येतं. रॉड १ मिमी बाहेर आला तर टेबल सव्वाचार मिमी चढतं. अवकलन करताना कोन रेडियनमध्येच धरायचा. h आणि s दोन्ही एकाच एककात केले तर गुणोत्तरात ही चूक कटून जाते, पण एक अंशात आणि दुसरं रेडियनमध्ये झालं की उत्तर ५७ पटींनी भरकटतं.

दुसरी चूक: आर्मचं वजन पूर्ण धरणं किंवा सोडून देणं

प्लॅटफॉर्म आणि माल जितके चढतात त्याच्या निम्मेच आर्मचे गुरुत्वमध्य चढतात, कारण ते मधल्या पिनपाशी आहेत. म्हणून आर्मचे १६० पैकी ८० किलोच हिशोबात येतात. एकूण १२०० किलो, म्हणजे ११.७७ किलोन्यूटन. याला ४.२५ ने गुणलं की सिलिंडरचा जोर ५० किलोन्यूटन. ८० मिमी बोअरचं क्षेत्रफळ ५०.३ चौरस सेंमी, त्यामुळे दाब सुमारे १०० बार.

माल प्लॅटफॉर्मवर कुठे ठेवलाय हे या हिशोबात कुठेच आलं नाही, आणि यायलाही नको. प्लॅटफॉर्म समांतर उचलला जातो, त्यामुळे कोपऱ्यातला माल आणि मधला माल सारखेच चढतात. "पेटी मध्ये सरकवली तर दाब कमी लागेल" असं कोणी म्हणत असेल, तर फरक पडलाच तो घर्षणामुळे पडेल.

आता मूळ तक्रारीकडे. टेबल पूर्ण खाली असताना कोन १५ अंश असेल तर तेच गुणोत्तर ८.१५ होतं. जोर ९६ किलोन्यूटन, दाब १९१ बार. पॉवर पॅकचा रिलीफ व्हॉल्व्ह १६० बारला लावलेला असेल, तर घर्षण शून्य धरूनही ८०० किलोच्या वर माल खालून उठणार नाही. तोच १००० किलोचा माल टेबल अर्धं वर घेऊन ठेवला तर निमूट चढेल. असं होत असेल तर सील बहुधा ठीक आहेत, अडचण भूमितीची आहे. मात्र रिलीफचा स्क्रू पिळण्याआधी सिलिंडर, होस आणि पिन किती दाबाला बनवल्यात ते प्लेटवर बघा.

तिसरी चूक: मोजताना मोठा स्ट्रोक घेणं

ड्रॉइंग हरवलेलं असतं, a आणि d मोजायला टेबलाखाली शिरणं धोक्याचं असतं. अशा वेळी गुणोत्तर थेट मोजता येतं, आणि तेही रिकाम्या टेबलावर, कारण मालाने भूमिती बदलत नाही. अडचण अशी की गुणोत्तर प्रत्येक उंचीला वेगळं असतं. आपल्या टेबलात ३० अंशांपासून रॉड ५० मिमी बाहेर काढला तर टेबल १८७ मिमी चढतं. भागाकार ३.७४ येतो आणि जोर ४४ किलोन्यूटन निघतो, म्हणजे १२ टक्के कमी.

उपाय सोपा आहे. ज्या उंचीचा जोर हवा तिच्या दोन्ही बाजूंना सारखं सरका. रॉड १० मिमी आत असताना एक उंची, १० मिमी बाहेर असताना दुसरी. या टेबलात दोन उंचींमधला फरक ८५ मिमी भरतो, त्याला २० ने भागलं की पुन्हा ४.२५. फक्त वरच्या बाजूचे १० मिमी घेतले असते तर ४.१३ आलं असतं, फक्त खालचे घेतले असते तर ४.३८.

रॉडची नोंद व्हर्नियरने घ्या. २० मिमीत १ मिमीची चूक म्हणजे जोरात ५ टक्के, टेबलाच्या ८५ मिमीत तीच चूक जेमतेम सव्वा टक्का. उंचीला टेप चालेल. दोन्ही नोंदी टेबल चढवत येऊन थांबल्यावरच घ्या, नाहीतर झिजलेल्या पिनचा ढिलेपणा एका नोंदीत मिसळतो आणि दुसरीत नाही. माप बाजूने घ्या, टेकू लावल्याशिवाय हातसुद्धा आत घालू नका.

चौथी चूक: रिअॅक्शन काढताना सिलिंडर मोकळा ठेवणं

खालच्या 'ब' चाकावर किती भार येतो? इथे नियम असा की हव्या त्या आधाराचं एकच बंधन सोडायचं, बाकी सगळं गोठवायचं. सिलिंडरची लांबीही गोठवायची. ती मोकळी सोडली तर समीकरणात F आणि चाकाची रिअॅक्शन दोन्ही येतात आणि एका समीकरणात दोन अज्ञातं अडकतात.

सिलिंडर गोठवला की अक आर्म फ्रेमशी घट्ट त्रिकोणात बसतो, हलत नाही. मधली पिनही स्थिर. आता ब चाकाला δ इतकं वर जाऊ द्या. बड आर्म मधल्या पिनभोवती फिरतो, त्यामुळे ड टोक तितकंच, δ इतकं, खाली जातं. प्लॅटफॉर्म क चाकावर टेकून डावीकडे झुकतो. माल ड पासून x अंतरावर असेल आणि ड ते क अंतर b असेल, तर माल δ × (१ − x/b) इतका खाली जातो. आर्मच्या वजनाचं काम शून्य, कारण त्यांचे मध्य हललेच नाहीत.

```
R·δ + W·(1 − x/b)·δ = 0
R = −W·(1 − x/b)
```

R ही ब चाकावरची रिअॅक्शन, वरच्या दिशेला धन धरलेली. ३० अंशांना b १.३० मीटर. इथे W म्हणजे माल आणि प्लॅटफॉर्म मिळून १०.९९ किलोन्यूटन, आणि त्यांचा मध्य बरोबर मधे, ०.६५ मीटरवर धरू. मग R उणे ५.५ किलोन्यूटन. इथे बरेच जण चिन्हाची चूक झाली म्हणून उणे खोडून टाकतात. खोडू नका. या मांडणीत चाक खरोखरच वर उचललं जातं आणि चॅनेलच्या वरच्या ओठाला दाबून चालतं. दोन्ही बाजूंच्या चाकांत वाटून प्रत्येकी पावणेतीन किलोन्यूटन. अ भोवती मोमेंट घेऊनही हेच उत्तर येतं, शंका असेल तर पडताळा.

टेबलाकडे बघूनही हे कळतं. टेकू लावून चॅनेलच्या वरच्या ओठाची आतली बाजू बोटाने चाचपा. रंग तिथला उडालेला, पत्रा चकाकणारा आणि किंचित खोबण पडलेली असेल, तर गणित बरोबर आहे. काही ठिकाणी दुरुस्तीत चॅनेलऐवजी नुसती पट्टी टाकलेली आढळते, "चाक काय, खालीच दाबणार" या समजुतीने. तिथे माल ठेवला की चाक पट्टी सोडून उठतं आणि प्लॅटफॉर्म तिरका होतो. सिलिंडरला मालाची जागा कळत नाही, या चाकाला मात्र लगेच कळते.

पाचवी चूक: गेजचं वाचन जसंच्या तसं मानणं

आभासी कार्याच्या या समीकरणात पिनांचं घर्षण नाही. खऱ्या टेबलात आहे, आणि पावसाळ्यात ग्रीस न मारलेल्या पिनांत तर भरपूर. चढताना घर्षण सिलिंडरच्या विरुद्ध असतं, उतरताना त्याच्या मदतीला येतं. म्हणून टेबल अगदी सावकाश चालवून त्याच उंचीवर चढताना एकदा आणि उतरताना एकदा दाब वाचा. समजा १०९ आणि ९० आले, तर सरासरी ९९.५ ही गणिताच्या १०० बारशी जुळते, आणि सरासरीपासूनचा साडेनऊ बारचा फरक हा घर्षणाचा वाटा. सरासरी जुळली पण दोन वाचनांतलं अंतर वाढत चाललं, तर पिन आणि बुश बघा. सरासरीच जास्त आली तर आधी वजन पुन्हा तपासा, बहुतेक वेळा पेटीवरचा आकडा निव्वळ मालाचा असतो आणि पॅलेट धरलेलं नसतं.

गेज सिलिंडरच्या पोर्टपाशी, उतरण्याचा वेग आवरणाऱ्या व्हॉल्व्हच्या अलीकडे, सिलिंडरच्या बाजूला हवा. पॉवर पॅकवरचा गेज चढताना होसमधली घट धरून जास्त दाखवतो. टेबल थांबल्यावर चेक व्हॉल्व्ह बंद होतो आणि तोच गेज शून्यावर येतो, म्हणून "सिलिंडरवर भारच नाही" असा निष्कर्ष काढायचा नाही. दाब वाचताना मेंटेनन्सचा टेकू लागलेला नसावा, नाहीतर भार टेकूवर जातो आणि सिलिंडरचा दाब कमी दिसतो. म्हणजे भूमितीची मापं टेकू लावून आणि दाबाचं वाचन टेकू काढून, पण तेव्हा टेबलाजवळ कोणीही वाकलेलं नको.