वॉक-इनला कारखान्यात जाताय? या चुका टाळा

चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांत आयटीआयच्या मुलांसाठी वॉक-इन निघतो, तेव्हा सकाळी गेटवर रांग लागते. त्यातली बरीच मुलं काम येत नाही म्हणून परत जात नाहीत, कागद जुळत नाहीत म्हणून जातात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नावातला फरक. समजा, दहावीच्या मार्कशीटवर ‘पवार गणेश दत्तात्रय’ आहे, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर ‘गणेश दत्तात्रय पवार’ आणि आधारवर ‘गणेश दत्ता पवार’. पहिल्या दोन्हींत फक्त क्रम बदललाय, कारण बोर्ड आडनाव आधी छापतं. त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. पण ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्ता’ ही कागदावर दोन वेगळी नावं ठरतात. पीएफचं खातं आधारशी जोडताना नाव आणि जन्मतारीख आधारशी तंतोतंत जुळावी लागते. ती जुळली नाही, तर निवड होऊनही जॉइनिंग अडकतं. त्यामुळे घरीच सगळे कागद समोर मांडा आणि नाव, जन्मतारीख एकेक अक्षर करून ताडून पाहा. आधार सुधारायचं असेल तर मार्कशीट घेऊन आधार केंद्रावर जा. घाईत काहीतरी भरू नका, कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. काम चालू असेल तर केंद्राची पावती फाइलमध्ये ठेवा. एचआरला ती आधीच दाखवलीत, तर निदान तुम्ही लपवलं नाही एवढं तरी दिसतं.

दुसरी चूक आधी कुठेतरी काम केलेल्यांची. चार-सहा महिनेच होतो, म्हणून फॉर्मवर ‘फ्रेशर’ लिहून टाकतात. पण त्या कंपनीत पीएफ कापला गेला असेल, तर तुमच्या नावाचा १२ आकडी यूएएन तयार झालेला असतो आणि नव्या जागी भरायच्या फॉर्म ११ मध्ये आधीच्या पीएफबद्दल विचारलेलंच असतं. खोटं तिथे उघडं पडतं. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे का, तेही पाहा. टाकली नसेल आणि शेवटचा पीएफ भरून दोन महिने झाले असतील, तर पीएफच्या सदस्य पोर्टलवर Manage मध्ये Mark Exit करून ती तुम्हाला स्वतः टाकता येते. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून तो नंबर चालू हवा.

फाइलमध्ये दहावी आणि आयटीआयची मार्कशीट, आयटीआयचं सर्टिफिकेट, आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान, फोटो आणि अनुभव असेल तर रिलीव्हिंग लेटर व पगाराच्या स्लिपा ठेवा. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स घरूनच काढा. गेटच्या आसपास झेरॉक्सचं दुकान असेलच असं नाही, आणि शोधायला गेलात की रांगेतली जागा जाते. मूळ कागद दाखवायचे आणि लगेच परत घ्यायचे. ‘ओरिजिनल जमा करा’ किंवा ‘युनिफॉर्मचं डिपॉझिट भरा’ असं कोणी म्हणालं, तर तिथून निघा.

आता कपडे. नवीकोरी टी-शर्ट आणि सँडल घालून आलेला मुलगा इथे कमी पडतो, कारण बोलणं झाल्यावर सुपरवायझर बऱ्याचदा शॉप फ्लोअरवर नेतो. पायात सँडल असली तर पिवळ्या रेषेच्या अलीकडेच थांबवतात. धुतलेला, इस्त्रीचा साधा शर्ट आत खोचलेला, साधी पँट आणि पूर्ण बंद बूट एवढं पुरे. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरीच ठेवा. फिरत्या यंत्राजवळ यांनीच हात अडकतो, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे हे सुपरवायझरच्या न बोलता लक्षात येतं. मुलींनी केस घट्ट बांधावेत, ओढणी टाळावी किंवा पिन लावून आवरावी.

पहिली छाप मुलाखतीच्या टेबलावर पडते असं समजू नका. गेटवरच्या वॉचमनशी हुज्जत, खिशात सापडलेली तंबाखूची पुडी, फोनच्या कॅमेऱ्यावर लावलेलं स्टिकर काढून आत फोटो काढणं, या गोष्टी एचआरच्या कानावर जातात. आत हातात व्हर्नियर दिला, तर आधी जबडे पुसून शून्य जुळतंय का ते बघा आणि मगच माप सांगा. माप पटकन सांगणाऱ्यापेक्षा शून्य तपासणारा मुलगा जास्त नजरेत भरतो.

पगार विचारायला लाजू नका, पण नुसतं ‘किती मिळेल’ विचारलंत तर उत्तर अर्धवट मिळतं. ‘पीएफ, ईएसआय कापून हातात किती, आणि मी कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या?’ असं विचारा. कॉन्ट्रॅक्टरच्या असाल, तर त्याचं नाव आणि पत्ता तिथेच लिहून घ्या. पुढे स्लिप आणि रिलीव्हिंग लेटर त्याच्याकडूनच मागावं लागतं.

जाण्याआधी कंपनीला फोन करून त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी नाही ना, ते विचारा. या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी असते.